वेस्टर्न ब्लॉटमध्ये बँड फिका येतो तेव्हा: ट्रान्सफर, ब्लॉकिंग आणि अँटिबॉडीचं डायल्युशन

बँड फिका आला की बहुतेकांचा हात आधी अँटिबॉडीच्या ट्यूबकडे जातो. १:१००० होती, १:२५० करून बघू. बँड थोडा गडद होतो, पण अख्खी मेम्ब्रेन राखाडी पडते, नको तिथे दोन-तीन बँड उगवतात आणि महागडी अँटिबॉडी चौपट वेगाने संपते. अँटिबॉडी वाढवायला हरकत नाही, पण तिची पाळी शेवटी येते. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं मिळायला हवीत: प्रोटीन मेम्ब्रेनवर पोचलं आहे का, आणि पोचलं असेल तर ब्लॉकिंगने ते झाकलं तर जात नाही ना? हा क्रम पाळला तर एरवी कित्येक ब्लॉट घेऊनही न सापडणारं कारण सहसा थोडक्यात सापडतं.

हे सगळं एका उदाहरणावरून बघू. मुद्दाम अवघड प्रोटीन घेतो, कारण त्यात तिन्ही अडचणी एकदम दिसतात. प्रोटीन आहे एमटॉर, आकार २८९ किलोडाल्टन. एचईके २९३ पेशींचा लायसेट, प्रत्येक लेनमध्ये २० मायक्रोग्रॅम, ८ टक्के जेल. वेट ट्रान्सफर १०० व्होल्टवर एक तास, बफरमध्ये २० टक्के मिथेनॉल, पीव्हीडीएफ मेम्ब्रेन. ५ टक्के दुधात ब्लॉकिंग, दुधातच सशाची प्रायमरी १:१००० रात्रभर ४ अंशाला, मग एचआरपी जोडलेली सेकंडरी १:५००० एक तास. निकाल असा: ॲक्टिनचा बँड जाडजूड, झकास, आणि २५० च्या मार्करच्या वर एमटॉरच्या जागी धुरकट सावली.

इथे पहिली फसगत ॲक्टिन करतो. ‘ॲक्टिन चांगला आलाय, म्हणजे ट्रान्सफर ठीक आहे’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ॲक्टिन ४२ किलोडाल्टनचा, शिवाय पेशीत भरपूर. तो जेलमधून तासाभरात सहज बाहेर पडतो, आणि अर्धाच बाहेर पडला तरी बँड भक्कमच दिसतो. त्याच्या जवळपास सातपट मोठ्या प्रोटीनबद्दल तो काहीच सांगत नाही.

आधी जेल बघा, मग मेम्ब्रेन

ट्रान्सफर झाल्यावर जेल कचऱ्यात जाते, आणि तिच्याबरोबर सगळ्यात उपयोगी पुरावाही जातो. सँडविच उघडल्यावर आधी रंगीत मार्कर कुठे आहे ते बघा. २५० चा पट्टा जेलमध्येच ठळक दिसत असेल आणि मेम्ब्रेनवर पुसट असेल, तर निदान अर्धं झालं. मग ती जेल कूमासीत टाका, डिस्टेन करा आणि लेन वरपासून खालपर्यंत नजरेखालून घाला. खालचा भाग रिकामा आणि वरचा निळ्या पट्ट्यांनी भरलेला दिसला, की मोठी प्रोटीन आत अडकली आहेत. थोडंसं प्रोटीन जेलमध्ये राहणं चालतं. वरचा भाग ट्रान्सफर न केलेल्या जेलसारखाच दिसत असेल तर मात्र चालत नाही.

मेम्ब्रेनवर पाँसो एस लावा: ५ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये ०.१ टक्का, पाचेक मिनिटं, मग पाण्याने धुवा. हे ब्लॉकिंगच्या आधीच करायचं; नंतर केलं तर दूध किंवा बीएसए रंगून सगळी मेम्ब्रेन गुलाबी होते. पाँसोची मर्यादा लक्षात असू द्या. तो फारसा संवेदनशील नाही, त्यामुळे तुमचं एकटं प्रोटीन त्यात दिसण्याची अपेक्षा नको. त्यात बघायचं ते लेनचं एकूण रूप. लेन वर आणि खाली सारख्याच उमटल्यात का? मध्ये गोल पांढरे ठिपके आहेत का? ठिपके म्हणजे सँडविचमध्ये राहिलेली हवा. रोलर नीट फिरवला नाही. एका बाजूच्या सगळ्याच लेन फिक्या असतील, तर स्पंज झिजून पातळ झालेत आणि जेल मेम्ब्रेनला घट्ट टेकत नाही. पीव्हीडीएफवर कोरडे, अपारदर्शक पांढरे डाग दिसले तर ती मिथेनॉलमध्ये नीट भिजली नव्हती किंवा मधेच सुकली. अशा जागी अँटिबॉडी पोचत नाही. पाँसो धुवून टाकून मेम्ब्रेन पुन्हा अर्धा मिनिट मिथेनॉलमध्ये आणि मग बफरमध्ये भिजवली की बरेचदा काम भागतं.

आणि मेम्ब्रेन कोरीच असेल? लाजू नका, आधी कॅसेटची दिशा तपासा. एसडीएसमुळे प्रोटीनवर ऋण भार असतो, ती धन टोकाकडे पळतात. म्हणून काळ्या बाजूला जेल, लाल बाजूला मेम्ब्रेन. उलटं लागलं तर प्रोटीन बफरमध्ये निघून जातं, आणि तो ब्लॉट कुठल्याही उपायाने वाचत नाही.

मोठं प्रोटीन जेलमधून बाहेर काढायचं कसं

नेहमीचा टॉबिन बफर म्हणजे २५ मिलिमोलर ट्रिस, १९२ मिलिमोलर ग्लायसिन आणि २० टक्के मिथेनॉल. एक लिटरला ३.०३ ग्रॅम ट्रिस, १४.४ ग्रॅम ग्लायसिन, २०० मिलिलिटर मिथेनॉल. पीएच आपोआप ८.३ च्या आसपास बसतो. ॲसिड घालून तो ‘जुळवायला’ जाऊ नका. वाढलेल्या आयनांमुळे करंट चढतो, टाकी तापते.

या बफरमधलं मिथेनॉल दुधारी आहे. ते प्रोटीनवरचं एसडीएस काढतं, त्यामुळे प्रोटीन मेम्ब्रेनला चांगलं चिकटतं. पण त्यानेच जेल आकसते, तिची छिद्रं लहान होतात, आणि एसडीएस गमावलेलं मोठं प्रोटीन आतल्या आत साचून राहतं. लहान प्रोटीनला २० टक्के मिथेनॉल हवंच, कारण त्याचा प्रश्न बाहेर पडण्याचा नसून चिकटण्याचा असतो. एमटॉरचं अगदी उलट आहे.

म्हणून आपल्या उदाहरणात बफर असा बदलू: मिथेनॉल १० टक्के, म्हणजे लिटरला १०० मिलिलिटर; आणि एसडीएस ०.०५ टक्के, म्हणजे १० टक्के स्टॉकचे ५ मिलिलिटर. एसडीएसमुळे प्रोटीनवर भार टिकतो आणि ते जेलमधून सरकत राहतं. त्याची किंमत अशी की करंट वाढतो आणि मेम्ब्रेनला चिकटण्याची ताकद थोडी घटते. नायट्रोसेल्युलोजवर ही घट जास्त जाणवते, म्हणून मोठ्या प्रोटीनला पीव्हीडीएफच घ्यावी असं माझं मत. वेळही बदलू: १०० व्होल्टवर एक तासाऐवजी ३० व्होल्टवर रात्रभर, ४ अंशाच्या खोलीत. आणि ८ टक्क्यांऐवजी ६ टक्के जेल. ६ टक्क्यांची जेल हातात घेताना शेवयांसारखी लोंबते; ओल्या फिल्टर पेपरवर उचलून घेतली तर फाटत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा नियम मी इथे मुद्दाम मोडतो. जेल कूमासीत निळी दिसली म्हणजे अडथळा कुठे आहे ते ठरलं. मग मिथेनॉल, एसडीएस आणि वेळ हे तिन्ही एकत्र बदलून आधी प्रोटीन बाहेर काढावं. ब्लॉकिंग आणि अँटिबॉडीला मात्र या फेरीत हात लावू नये.

रात्रभर ट्रान्सफरचा एक दुष्परिणाम आहे. ॲक्टिनसारखी लहान प्रोटीन तेवढ्या वेळात मेम्ब्रेनच्या आरपार जाऊ शकतात. खात्री करायची तर पहिल्या मेम्ब्रेनच्या मागे दुसरी लावा आणि दोन्हींना पाँसो द्या. मागचीवर रंग उमटला की आरपार जातंय. म्हणजे ॲक्टिन फिका आला म्हणून लोडिंग कमी होतं असा निष्कर्ष काढता येणार नाही. एमटॉरसारख्या प्रोटीनला लोडिंग कंट्रोलही मोठाच निवडावा, उदाहरणार्थ १२० किलोडाल्टनच्या आसपासचा विन्क्युलिन, किंवा सरळ एकूण प्रोटीनचा रंग मोजावा.

तुमचं प्रोटीन २० किलोडाल्टनपेक्षा लहान असेल तर वरचा सल्ला उलटा वाचा: मिथेनॉल २० टक्केच ठेवा, एसडीएस घालू नका, ०.४५ ऐवजी ०.२ मायक्रोमीटर छिद्रांची मेम्ब्रेन घ्या आणि वेळ कमी करा.

ब्लॉकिंग: दूध की बीएसए

समजा नव्या ट्रान्सफरनंतर कूमासीत जेलचा वरचा भाग जवळजवळ रिकामा दिसला. एमटॉरचा बँड आता धुरकट राहिला नाही, रेखीव झाला, पण अजून फिकाच आहे. आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू.

ब्लॉकिंगचं काम मेम्ब्रेनवरच्या रिकाम्या जागा भरण्याचं, म्हणजे अँटिबॉडी तिथे जाऊन चिकटत नाही. दूध हे काम फार चोख करतं, आणि कधीकधी नको तितकं चोख करतं. त्यातली निरनिराळी प्रोटीन तुमच्या प्रोटीनभोवतीही गर्दी करतात, आणि अँटिबॉडीला लागणारा एपिटोप झाकला जातो. बीएसए एकच प्रोटीन आहे, त्याची ही गर्दी कमी. त्यामुळे कमकुवत अँटिबॉडीला बीएसएत बरेचदा जास्त सिग्नल मिळतो, पण बॅकग्राउंडही थोडा वाढतो. सौदा परवडतो की नाही, हे त्या त्या अँटिबॉडीवर ठरतं.

काही ठिकाणी दूध टाळणंच बरं. बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन वापरत असाल तर दुधातलं बायोटिनच आडवं येतं. सेकंडरी बकरीच्या किंवा मेंढीच्या अँटिबॉडीविरुद्ध असेल तर ती दुधातल्या गायीच्या अँटिबॉडीलाही पकडू शकते. अशी सेकंडरी दुधात मिसळली तर मेम्ब्रेनपर्यंत पोचण्याआधीच खर्ची पडते, आणि सिग्नल का गेला ते कळत नाही. फॉस्फो अँटिबॉडीचं मात्र जरा वेगळं आहे. दुधातलं केसीन स्वतः फॉस्फोप्रोटीन असल्याने कुठल्याही फॉस्फोटायरोसिनला वगैरे पकडणाऱ्या सर्वसाधारण अँटिबॉडीला दूध खरंच नडतं. पण एखाद्या प्रोटीनवरच्या विशिष्ट जागेसाठी बनवलेली अँटिबॉडी दुधातही उत्तम चालताना दिसते. ‘फॉस्फो म्हणजे बीएसए’ ही सुरुवात म्हणून ठीक आहे, पण तो कायदा समजू नका. उत्पादकाच्या माहितीपत्रकात अँटिबॉडी कशात पातळ करायची ते दिलेलं असतं. पहिला प्रयोग त्याच पद्धतीने करावा.

वेळेबद्दल थोडक्यात: खोलीच्या तापमानाला एक तास पुरतो. दुधात रात्रभर ठेवून सिग्नल वाढत नाही, उलट घटण्याची शक्यता असते. ट्वीन-२० नेहमीप्रमाणे ०.१ टक्का. बॅकग्राउंड खाली आणायला ट्वीन वाढवत नेलं आणि धुण्याच्या फेऱ्या लांबवल्या, तर सैल चिकटलेलं प्रोटीनही निघून जातं. सिग्नल फिका असताना टीबीएसटीने पाच-पाच मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या पुरेत.

पट्ट्यांचा प्रयोग

ब्लॉकिंग आणि प्रायमरीचं डायल्युशन एकमेकांत गुंतलेलं असतं, म्हणून ते एकत्रच तपासायचं. एकाच जेलच्या सात लेनमध्ये एकच लायसेट भरा, प्रत्येकी २० मायक्रोग्रॅम. ट्रान्सफर आणि पाँसोनंतर गुलाबी लेनच्या मधून नव्या ब्लेडने मेम्ब्रेन उभी कापा. प्रत्येक पट्टीच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने क्रमांक घाला. पेनची शाई मिथेनॉलमध्ये पसरते. तीन पट्ट्या ५ टक्के दुधात, तीन ३ टक्के बीएसएत. दोन्ही गटांत प्रायमरी १:५००, १:१००० आणि १:२०००, ज्यात ब्लॉक केलं त्यातच पातळ केलेली. सातवी पट्टी बीएसएत, प्रायमरीशिवाय, फक्त सेकंडरी. शेवटी सगळ्या पट्ट्या शेजारी शेजारी मांडून एकाच वेळी, एकाच एक्स्पोजरने फोटो घ्या. वेगवेगळे फोटो घेऊन सॉफ्टवेअरमध्ये उजळवलेल्या पट्ट्यांची तुलना कवडीमोलाची.

वाचताना बँड किती काळा आहे यापेक्षा बँड आणि त्याच्या आजूबाजूचा भाग यांतला फरक बघा. आपल्या उदाहरणात असं दिसलं असं धरू: दुधात १:२००० ला बँड नाहीच, १:१००० ला पुसट, १:५०० ला बरा. बीएसएत १:२००० ला दुधातल्या १:५०० इतका, १:१००० ला ठळक. आणि बीएसएत १:५०० ला बँड १:१००० इतकाच, फक्त पट्टी सगळीकडे राखाडी आणि १०० च्या आसपास एक नवा बँड. याचा अर्थ स्पष्ट आहे. बीएसएत १:१००० पर्यंत बांधल्या जाणाऱ्या जागा भरल्या. त्यापुढची अँटिबॉडी नुसती नको तिथे बसते. निवड: बीएसए, १:१०००. म्हणजे दुधाऐवजी बीएसए घेतल्याने जे मिळालं, तेच दुधात राहून मिळवायचं तर अँटिबॉडी कितीतरी जास्त घालावी लागली असती. बीएसएच्या तिन्ही डायल्युशनना बँड फिकाच राहिला असता, तर अडचण या टप्प्यावर नाही असं समजून पुढे गेलो असतो.

सातव्या पट्टीवर बँड दिसला तर तो सेकंडरीचा आहे, तुमच्या प्रोटीनचा नाही. हा कंट्रोल सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त वगळला जाणारा.

डायल्युशनबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. १:१००० हा आकडा एकटा निरर्थक आहे. एका ट्यूबमध्ये १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर १:१००० म्हणजे १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. दुसऱ्या कंपनीच्या ट्यूबमध्ये ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल, तर तेवढ्यासाठी १:२०० लागेल. जुन्या वहीतलं १:१००० नव्या ट्यूबला लावलं आणि सिग्नल पाचपट उतरला, यात अँटिबॉडी ‘खराब’ नसते. वहीत गुणोत्तराबरोबर मायक्रोग्रॅमही लिहावेत. लेबलवर प्रमाणच दिलेलं नसेल, जसं सीरम किंवा ॲसाइटिसच्या बाबतीत होतं, तर पट्ट्यांच्या प्रयोगाला पर्याय नाही.

आकारमानाची काटकसरही अंगाशी येते. लहान मेम्ब्रेनला डब्यात १० मिलिलिटर द्रव असावा, म्हणजे १:१००० साठी १० मायक्रोलिटर स्टॉक. अँटिबॉडी थोडी असेल तर ५० मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये, प्रोटीनची बाजू आत ठेवून, रोलरवर ४-५ मिलिलिटरमध्ये भागतं. डब्यात ३ मिलिलिटर ओतून शेकरवर ठेवलं तर एक कोपरा रात्रभर कोरडा राहतो.

सेकंडरी: कमी केल्यावर वाढणारा सिग्नल

सेकंडरी आणि ईसीएल जिवंत आहेत का, हे पाच मिनिटांत कळतं. अंधाऱ्या खोलीत थोडं मिसळलेलं ईसीएल घ्या आणि त्यात पातळ केलेल्या सेकंडरीचा एक थेंब टाका. निळसर प्रकाश डोळ्यांना दिसला की दोन्ही ठीक. दिसला नाही तर सोडियम अझाइड कुठे शिरलंय का ते शोधा. ते एचआरपीला मारतं. प्रायमरीच्या स्टॉकमध्ये ते असलं तरी नंतर धुतलं जातं. सेकंडरीच्या द्रावणात किंवा ‘टिकावा म्हणून’ अझाइड घातलेल्या बफरमध्ये असेल तर मात्र अख्खा ब्लॉट आंधळा होतो.

आता उलटा प्रकार. कधीकधी फिका बँड म्हणजे जास्त एचआरपी असते. बँडवर एंझाइमची इतकी दाटी होते की ईसीएल तिथे काही सेकंदांत संपतं, आणि कॅमेरा सुरू होईपर्यंत प्रकाश विझलेला असतो. फोटोत काळ्या कडांच्या मधोमध पांढरी पोकळी दिसते. ओली मेम्ब्रेन दिव्याखाली धरली तर त्याच जागी पिवळट-तपकिरी रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसते. अशा वेळी सेकंडरी वाढवली तर सिग्नल आणखी पडतो. १:५००० वरून १:२०००० वर जा. बँड भरून येतो आणि प्रकाशही जास्त वेळ टिकतो.

फिक्या सिग्नलवर उपाय म्हणून जास्त संवेदनशील ईसीएल घेतलं, की ही चूक हमखास होते. त्या सब्स्ट्रेटना सेकंडरी १:५०००० किंवा त्याहूनही पातळ लागू शकते. जुन्याच १:५००० वर ते ओतलं तर मेम्ब्रेन अंधारात दिव्यासारखी उजळते आणि त्यातून मोजण्याजोगं काही मिळत नाही. आपल्या एमटॉरसाठी साधं ईसीएल, बीएसएत प्रायमरी १:१००० आणि सेकंडरी १:१०००० इथे थांबायला हरकत नाही.

तरीही फिकाच असेल

ट्रान्सफर पूर्ण, पट्ट्यांचा प्रयोग झालेला, सेकंडरी जिवंत, तरी बँड नाही. मग प्रश्न मेम्ब्रेनच्या मागे, नमुन्यात आहे. ज्या पेशींत ते प्रोटीन भरपूर असल्याची खात्री आहे त्यांचा लायसेट शेजारच्या लेनमध्ये लावा. तो उजळला आणि तुमचा नाही, तर अँटिबॉडी बदलून उपयोग नाही. २० ऐवजी ४० मायक्रोग्रॅम भरा किंवा इम्युनोप्रेसिपिटेशनने प्रोटीन गोळा करा. तोही उजळला नाही, तर बहुधा ती अँटिबॉडी एसडीएसने उलगडलेलं प्रोटीन ओळखतच नाही. इम्युनोफ्लुओरेसेन्समध्ये छान चालणाऱ्या काही अँटिबॉडी ब्लॉटमध्ये मुक्या राहतात त्या यामुळेच. तिथे डायल्युशन बदलत बसू नये, दुसरा क्लोन मागवावा.

बँड चांगला आला की मोजण्याआधी त्याच लायसेटचे १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम शेजारी चालवा. सिग्नल प्रत्येक पायरीला साधारण दुप्पट होत असेल तर तुलना करायला मोकळे आहात. २० आणि ४० सारखेच दिसले, तर वर पोचलेला सिग्नल आता छताला टेकलाय. एक्स्पोजर कमी करून पुन्हा बघा, आणि तरीही फरक पडला नाही तर प्रायमरी एक पायरी पातळ करा.